आधी घोरण्याकडे बघा
"रात्रपाळी सुटणार नाही, गोळ्या दोन चालू आहेत, तरी उठल्यावर बीपी १५०/९६. आधी काय बदलू?"

मीठ कमी करा, चालायला जा, असं सगळे सांगतात ते बरोबरच, पण तुमच्या बाबतीत मी आधी घोरण्याचा छडा लावेन. निरोगी माणसाचं बीपी झोपेत १० ते २० टक्के उतरतं. घोरता घोरता घशाची वाट मिटून श्वास १० सेकंद किंवा जास्त थांबला की ऑक्सिजन घसरतो, मेंदू दचकून जागं करतो आणि दर वेळी बीपी उसळतं. म्हणून ते झोपेत उतरतच नाही. दिवसा झोपणाऱ्यालाही हेच होतं.

माझे मेहुणे बॉयलरवर रात्रपाळी करतात. त्यांच्याही दोन गोळ्या होत्या. घोरता घोरता एकदम शांतता आणि मग धसका लागल्यासारखा श्वास, हे ताईने मोबाइलवर रेकॉर्ड करून डॉक्टरांना ऐकवलं. घरीच झोपेची तपासणी झाली, तासाला ३४ वेळा श्वास अडत होता (३० च्या वर म्हणजे तीव्र). मग झोपेत मास्कमधून हवेचा दाब देऊन घसा उघडा ठेवणारं सीपॅप मशीन लागलं. त्याने बीपी सहसा थोडंच उतरतं, गोळ्या सुटत नाहीत. पण मास्क रोज पूर्ण झोपभर लावला तरच तेवढं तरी पदरात पडतं. तोवर कुशीवर झोपा, दारू आणि झोपेच्या गोळ्या टाळा, त्यांनी घसा आणखी सैलावतो. आणि बीपीच्या गोळीची वेळ घड्याळावर ठेवायची की तुमच्या उठण्यावर, हे डॉक्टरांना पाळी सांगून ठरवून घ्या.