खिम्यातली चरबी ओतून टाकली, तर कॅलरी किती कमी धरायच्या?

मीरा_लेस्टर: इथे मेंढीचा खिमा पाकिटात मिळतो, त्यावर २० टक्के चरबी लिहिलेली असते. परतताना कढईत चरबीचं तळं होतं. नवरा म्हणतो ते ओतून दे, सासूबाई म्हणतात चव तिथेच आहे. ओतलं तर ताटातल्या कॅलरी खरंच कमी होतात, की मनाचं समाधान?

देशस्थ_खवय्या: समाधानच. तुम्ही ओतता त्यात निम्म्याहून जास्त मांसाचं पाणी असतं. पाकिटावरचा आकडा धरा आणि सुखाने जेवा. चरबी मांसाच्या आतही असते, ती कुठे जाणार?

सुनंदा_के: पाणी असतं हे खरं, पण त्यावरून चरबी कमी निघते असं होत नाही. म्हणून ओतलेलं मापायचं असेल तर द्रव असताना मापू नका. काचेच्या वाडग्यात काढा आणि फ्रिजमध्ये ठेवा. मेंढीची चरबी घट्ट होते, वर पांढरी चकती बसते आणि खाली जेलीसारखा रस राहतो. वजन फक्त चकतीचं करायचं.

हिशेब असा. ५०० ग्रॅम खिम्यात १०० ग्रॅम चरबी, कच्च्या खिम्याच्या एकूण साधारण १२५० कॅलरी. समजा चकती ४५ ग्रॅम भरली. चरबीच्या ग्रॅमला ९ कॅलरी, म्हणजे ४०० गेल्या. फोडणीला दोन मोठे चमचे तेल म्हणजे २४० आणि कांदा-मटार मिळून १४० धरले, तर न ओतता चार ताटांना १६३० आणि ओतून १२३०. ताटाला ४०० ऐवजी ३०० च्या आसपास. याला मनाचं समाधान म्हणता येणार नाही. आत राहिलेली ५५ ग्रॅम या हिशेबात आहेच, ती कोणी सोडलेली नाही.

खालची जेली मात्र टाकू नका, ती परत रश्श्यात घाला. सासूबाई म्हणतात त्या चवीचा बराचसा भाग तिथे आहे.

रंकाळ्याकाठी: हे सगळं पाकिटातल्या खिम्याचं झालं. आमच्याकडे बोकडाच्या मांडीचा खिमा समोर करून घेतो, चरबी वेगळी सांगितली तरच पडते. त्याला सुटतच काय? वर जो लाल तवंग दिसतो तो आपणच ओतलेल्या तेलाचा. तो काढून टाकायचा म्हणजे स्वतः घातलेलं तेल फेकायचं. त्यापेक्षा आधीच कमी घाला! आणि तर्री काढलेला खिमा मी पावाबरोबर खाणार नाही, हे स्पष्ट सांगतो.

सुनंदा_के: बोकडाबद्दल अगदी मान्य, त्याचं मांस मुळातच कोरडं. चरबी घालून घेतली असेल तर मात्र दुकानागणिक फरक पडतो आणि पाकिटासारखा आकडा कुठे लिहिलेला नसतो. तिथे परतून बघणं हाच उपाय. तर्रीचं म्हणाल, तर तिखटाचा रंग आणि झणका चरबीतच उतरतो. शेवटी तवंग काढला की मसालाही जातो. शिवाय शिजलेला कांदा-टोमॅटो चरबी धरून ठेवतो, त्यामुळे शेवटी निघतेही कमी. म्हणून मसाल्याच्या आधी काढावी. कोरड्या कढईत, तेल न घालता, खिमा मोठ्या आचेवर मोकळा करा. पाणी आटून तडतड सुरू झाली की कढई तिरपी करून चरबी काढा. त्यातलीच चमचाभर ठेवून तिच्यात कांदा परता. म्हणजे फोडणीच्या तेलाचे २४० बहुतेक वाचतात, आणि मसाला नंतर पडल्यामुळे तर्रीही तिखटच राहते.

आई_दोन_मुलांची: माझ्या वडिलांचं पित्ताशय काढलंय. त्यांना खिमा दिला की पोट बिघडतं. चरबी काढून दिला तर चालेल का?

सुनंदा_के: ताई, इथे प्रश्न कॅलरीचा चाललाय. काढूनही वरच्या उदाहरणात ताटाला १४ ग्रॅम चरबी उरतेच, तेल वेगळं. त्यांना किती सोसेल ते डॉक्टरांनाच विचारा.

देशस्थ_खवय्या: चकतीचं पटलं. पण समजा ओतली नाही, कढईतच राहिली. सगळी ताटात येते असं का धरता? आमच्याकडे कढईच्या तळाशी बरीच उरते.

रंकाळ्याकाठी: आमच्याकडे ती पावाने पुसली जाते.

सुनंदा_के: दोघांचं बरोबर. घरागणिक ठरेल. खिमा वाढून झाल्यावर कढईचं वजन करून रिकाम्या कढईचं वजा केलं तरी त्यात मसालाही येतो, त्यामुळे नेमकं उत्तर माझ्याकडे नाही.

मीरा_लेस्टर: मोबाइलवरच्या ॲपमध्ये 'शिजवलेला, चरबी काढलेला' अशी नोंद दिसते. ५०० ग्रॅमला तीच लावू?

सुनंदा_के: नको. ती नोंद शिजलेल्या वजनाची असते. ५०० चा खिमा परतून, चरबी काढून ३५०च्या आसपास उरतो. कच्चं वजन तिथे घातलंत तर कॅलरी उगाच फुगतील. कच्च्याची नोंद घ्या आणि चकतीचे ग्रॅम नऊने गुणून वजा करा. आणि चरबी गरम असताना मोरीत ओतू नका, नळीत गोठून बसते.

रंकाळ्याकाठी: त्या चरबीत दुसऱ्या दिवशी बटाटे परतले तर?

मीरा_लेस्टर: मग ते ४०० बटाट्यात मोजायचे!