कंपनीच्या अटी घटनेत बसत नाहीत, आणि खुर्च्या तर आधीच येऊन पडल्यात

वाचनालय चिटणीस:
दिग्रस तालुक्यातल्या आमच्या गावात वाचनालय आहे. पोलीस भरतीची पोरं भर उन्हाळ्यात तिथे पत्र्याखाली बसून अभ्यास करतात. कूलर आणि टेबलांसाठी एक बियाणे कंपनी दीड लाख द्यायला तयार आहे. अटी तीन. सभासदांची यादी मोबाइल नंबर आणि एकरांसकट द्यायची. पाच वर्षं दर शनिवारी सभागृह त्यांच्या मेळाव्याला द्यायचं. दुसऱ्या कंपनीची मदत घ्यायची नाही. आमच्या घटनेत लिहिलंय की नोंदवही बाहेर द्यायची नाही आणि सभागृहात मालाचा प्रचार करायचा नाही. नकार द्यावा असं मंडळात बहुतेकांचं मत आहे. पण कंपनीचा विक्रेता गावातलाच, निम्म्या गावाला उधारीवर बियाणं देणारा. शिवाय 20 खुर्च्या तो आधीच टाकून गेलाय. न दुखावता कसं कळवावं?

वऱ्हाडी ठसका:
ताई, कळवता काऊन? घ्या की पैसे! घटना काय देवानं लिहून देल्ली का? तवाच्या लोकाईनं लिहिली, आता आमसभा बलवा अन् बदला. नंबर तं आमचे सगळ्या कंपन्याईजवळ आहेतच, पेरणीच्या आंधी रोज फोन येते. पोरं घामानं भिजून ऱ्हायले अन् तुमी नियम पाहून ऱ्हायल्या.

सातबारा:
बदलून भागणार नाही. सार्वजनिक न्यासाची जागा पाच वर्षं कोणाला द्यायची तर कलम 36 लागतं, धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी. पत्रात सरळ तेच कलम लिहा, कंपनीचा वकीलही गप्प बसेल.

माजी चिटणीस, दारव्हा:
कलम 36 आहे, पण ते विक्री, अदलाबदल, बक्षीस आणि भाडेपट्ट्याचं. इमारत तीन वर्षांपेक्षा जास्त मुदतीच्या पट्ट्याने द्यायची तर परवानगी लागते. आठवड्यातून एक दिवस सभागृह वापरायला देणं म्हणजे पट्टा नव्हे, असं त्यांचा वकील सहज म्हणेल. मग तुमचा नकार नकार राहत नाही, वाद होतो. जे कारण निर्विवाद तुमचं आहे, तेवढंच लिहा. ते म्हणजे तुमची घटना.

आता तिसऱ्या अटीबद्दल. दुसऱ्याची मदत न घेण्याची अट तुम्हाला आवडली नसेल, पण तिच्याविरुद्ध तुमच्याकडे नियम आहे असं तुम्ही लिहिलेलं नाही. ती पत्रात घालू नका. घातली की कंपनी नेमकी तीच मागे घेईल, "एक अट सोडली, आता तुम्ही दोन सोडा" म्हणेल, आणि तुम्ही हट्टी ठरता. हे मी आमच्या व्यायामशाळेच्या वेळी भोगलंय.

क्रम असा ठेवा. आधी मंडळाची सभा घेऊन ठराव करा, म्हणजे नकार चिटणीसबाईंचा न राहता संस्थेचा होतो. मग दोघांनी विक्रेत्याच्या दुकानात जायचं. तेही सकाळी, गिऱ्हाईक नसताना. त्याला कंपनीकडून कळण्याआधी तुमच्या तोंडून कळलं पाहिजे. पत्र त्याच दिवशी, पण कंपनीच्या नावाने. त्याच्या नावाने लिहिलं की ते त्याच्यावरचं पत्र होतं.

मजकूर साधारण असा:

"अभ्यासिकेसाठी आपण दीड लाख रुपये देऊ केले, याबद्दल संस्था आपली आभारी आहे. सभासदांची माहिती देणे आणि सभागृहात उत्पादनांचा मेळावा घेणे या दोन अटी संस्थेच्या घटनेत बसत नाहीत. त्यामुळे हा प्रस्ताव स्वीकारता येत नाही, असा ठराव कार्यकारी मंडळाच्या सभेत झाला आहे. आपण पाठवलेल्या 20 खुर्च्या आपल्या विक्रेत्यांकडे परत करत आहोत, कृपया पोच द्यावी."

बस. शेतकऱ्यांच्या माहितीचा गैरवापर होतो वगैरे दोन ओळी लिहायला हात शिवशिवतील. त्या लिहू नका, तो आरोप होतो.

शंकरपट कमिटी:
आमच्याकडे पटाला असंच झालं होतं. एक सुपारीवाला आला, बक्षिसं मी देतो म्हणाला. आमच्या कमिटीचा नियम होता की तंबाखू-सुपारीचा पैसा घ्यायचा नाही. पण तोंडावर नाही कसं म्हणायचं, म्हणून "यंदा जमत नाही, पुढच्या वर्षी पाहू" म्हटलं. पुढच्या वर्षी पठ्ठ्या फ्लेक्स छापूनच आला! वर हे मोठं त्याच्या पुडीचं चित्र आणि खाली कोपऱ्यात आमच्या पटाचं नाव, मुंगीएवढं. "तुम्हीच बोलावलं होतं" म्हणे. तुम्ही पण तंबाखूवाल्यांचं घेऊ नका.

सातबारा:
इथे तंबाखू कुठून आली? बियाणं आहे भाऊ. बाकी "पुढच्या वर्षी पाहू" हे लिहू नये, हे पटलं.

संस्थांचे हिशेब पाहणारा:
विक्रेता "सीएसआरमधून देतो" म्हणाला का? म्हणाला असेल तर बोलताना एक गोष्ट हळूच सांगता येईल. मालाच्या जाहिरातीचा फायदा मिळावा म्हणून दिलेलं प्रायोजकत्व कंपनीला सीएसआरमध्ये दाखवताच येत नाही. म्हणजे या अटी त्यांच्याही हिशेबात अडचणीच्या. विनाअट देणगी म्हणून द्यायचं असेल तर भिंतीवर "यांच्या सौजन्याने" अशी साधी पाटी लावा. देणगीदाराचं नुसतं नाव, धंद्याची जाहिरात नाही, तर त्यावर जीएसटीचाही प्रश्न येत नाही. पत्राच्या शेवटी ही वाट एका ओळीत मोकळी ठेवा.

माजी चिटणीस, दारव्हा:
इथे माझं जमत नाही. नकाराच्या पत्रात पर्याय दिला की नकार पातळ होतो. ती ओळ दुकानात तोंडी बोलावी, तीही त्याने विचारलं तर.

संस्थांचे हिशेब पाहणारा:
तोंडी बोललेलं कंपनीच्या पुण्या-मुंबईच्या ऑफिसात पोहोचतच नाही, काका. निर्णय तिथे होतो. विक्रेता त्याला हवं तेवढंच वर सांगेल.

वऱ्हाडी ठसका:
तुमी दोघं भांडा. मले एवढंच सांगा, त्या विक्रेत्यानं जूनमधे उधारी बंद केली तं बियाणं ठराव देईन का?

वाचनालय चिटणीस:
ठसकाभाऊ, रात्री झोप याच प्रश्नाने उडाली होती. मंडळातल्या दोघांची त्याच्याकडे मोठी उधारी आहे. ठरावाच्या वेळी ते गप्प बसले, हात वर केला नाही. मी त्यांना दोष देत नाही.

काल सकाळी अध्यक्ष आणि मी दुकानात गेलो. काकांनी सांगितलं तसं आधी तोंडी, मग पत्र. तो रागावला नाही, पण चहाही विचारला नाही. आमच्या गावात याचा अर्थ सगळ्यांना कळतो. पाटीची ओळ मी पत्रात घातली, काका माफ करा.

खुर्च्यांचं मात्र अडलंय. पोरं पंधरा दिवस त्यावर बसली होती आणि मोजल्या तर दोन खुर्च्यांचे पाय मोडलेले. 18 चांगल्या परत करून पोच घेतली. दोन खुर्च्यांचे पैसे देते म्हटलं तर तो घेत नाही, "राहू द्या" म्हणतो.

माजी चिटणीस, दारव्हा:
राहू देऊ नका. तशाच दोन नव्या आणून दुकानात ठेवा आणि पोचपावतीवर 20 चा आकडा करून घ्या.

वऱ्हाडी ठसका:
अन् पोरं आता कायवर बसतीन?

वाचनालय चिटणीस:
सध्या सतरंजीवर.