नव्या गाडीवर ओरखडे, म्हणून ताबा नाकारला: तुमचे अनुभव सांगा

डीलरने आधी काही सांगितलं नाही आणि ताबा घेताना ओरखडे दिसले, असं कुणाचं झालंय का? पत्रात काय लिहिलंत आणि पुढे काय झालं?

*

झालंय. मागच्या डाव्या दारावर, हँडलखाली बोटभर ओरखडा. नख फिरवलं की अडकायचं, म्हणजे क्लिअर कोटच्या आत गेलेला. असा ओरखडा पॉलिशने जात नाही, तरी सेल्सवाला "पॉलिश मारून देतो" हेच म्हणत होता. मी किल्ली घेतली नाही, डिलिव्हरी नोटवर सही केली नाही आणि शोरूममधूनच मेल टाकला:

"बुकिंग क्रमांक आणि चासी क्रमांक वरीलप्रमाणे. आज ताबा घेण्यापूर्वीच्या पाहणीत मागच्या डाव्या दारावर खोल ओरखडा आढळला. याची कल्पना मला देण्यात आली नव्हती. फोटो जोडले आहेत. या गाडीचा ताबा मी नाकारत आहे. दुरुस्ती किंवा पुन्हा रंगकाम मला मान्य नाही. त्याच मॉडेलची व रंगाची, वेगळ्या चासी क्रमांकाची गाडी द्यावी. ती कधी मिळेल हे सात दिवसांत लेखी कळवावे. शक्य नसल्यास भरलेली रक्कम परत करावी. ही गाडी माझ्या नावावर नोंदवू नये."

'वेगळ्या चासी क्रमांकाची' हे लिहाच. नाहीतर तीच गाडी रंगवून पुढ्यात उभी करतात. मला दुसरी मिळाली, पण वाट पाहावी लागली.

*

पत्र गेलं की बदलून द्यावीच लागते. नवी म्हणजे नवी!

*

इतकं सरळ नाही हो. बुकिंग फॉर्मच्या मागची बारीक अक्षरं वाचा. किरकोळ दोष दुरुस्त करून देण्याची मुभा डीलरने तिथे ठेवलेली असू शकते. मग वाद 'किरकोळ'वर येतो, म्हणून ओरखड्याशेजारी मोजपट्टी धरून फोटो काढा. आणि बदली गाडीचा उत्पादनाचा महिनाही पत्रात मागा, नाहीतर यार्डात पडून असलेली जुनी गाडी गळ्यात मारतील.

*

माझी गाडी घेतल्यावर महिन्याभरात पार्किंगमध्ये कुणीतरी घासून गेलं. असं पत्र मला चालेल का?

*

नाही, ते विम्याचं काम. ताबा घेतल्यानंतरचं डीलर कशाला अंगावर घेईल?

*

रंगाची जाडी मोजायचं मीटर मिळालं तर न्या. कारखान्यातला रंग साधारण १०० ते १५० मायक्रॉन असतो. बाकी पत्रा तेवढाच आणि एकाच दारावर २५० च्या वर आकडा आला, तर ते दार पुन्हा रंगवलंय असं समजा. तो आकडा पत्रात टाका. प्लास्टिकच्या बंपरवर मात्र साधं मीटर चालत नाही, तिथे उजेडात तिरकं बघणं एवढंच.

*

माझी अडचण वेगळी. ओरखडे दिसले तोवर गाडी माझ्या नावावर नोंदवून झाली होती. "आता ही दुसऱ्याला नवी म्हणून कशी विकू?" असं म्हणत डीलरने बदलीला साफ नकार दिला. आता दार रंगवून आणि वाढीव वॉरंटी देतो म्हणतोय, तेही तोंडीच. बायको म्हणते घेऊन टाका. नोंदणी झाल्यावर कुणाला गाडी बदलून मिळालीय का?