जाहिरातीत पुणे, टीम बंगळुरूत. कोल्हापुरातून काम करायचं कसं मागू?

साकोलीकर: नमस्कार मंडळी. एका सॉफ्टवेअर कंपनीत टेस्टिंगच्या जागेसाठी मुलाखती चालू आहेत. जाहिरातीत 'पुणे, हायब्रिड, आठवड्यातून तीन दिवस ऑफिस' असं होतं. काल मॅनेजरना विचारलं तेव्हा कळलं, ते आणि बाकी सगळे बंगळुरूत बसतात. पुण्यात या टीमचं कुणीच नाही. म्हणजे पुण्यात खोली घ्यायची आणि ऑफिसात हेडफोन लावून बंगळुरूशीच बोलायचं. बाबांचं डायलिसिस चालू आहे, कोल्हापूर सोडणं अवघड आहे. ऑफर अजून आलेली नाही. आत्ताच विचारू का? एचआरला की मॅनेजरना?

उजळाईवाडी: बंगळुरूला इथून विमान आहे. नाहीतर मिरजेहून राणी चन्नम्मा पकडा.

साकोलीकर: दादा, जायचं नाहीये, इथूनच काम करायचंय.

भावा_बोल: मॅनेजरलाच विचारा ताई. तो हो म्हणाला की विषय संपला, एचआरच्या नादाला लागू नका.

भरतीवाली: मी याच कामात आहे. आधी मॅनेजरना विचारायचं हे बरोबर, पण विषय तिथे संपत नाही. मोठ्या कंपन्यांत हजेरी गेटवरच्या कार्डाने मोजतात आणि तुमचं बेस लोकेशन जे असेल त्या ऑफिसच्या हिशोबाने अहवाल निघतो. मॅनेजरनी तोंडी सूट दिली तरी तिथे तुम्ही गैरहजरच दिसता. मॅनेजर बदलले तर तीही गेली.

आत्ता त्यांना एवढंच विचारा: 'पुण्यात टीम नाही, तर माझे ऑफिसचे दिवस कुठे आणि कशासाठी धरणार?' निवड झाल्याचा फोन आला की, ऑफर लेटर निघायच्या आत, त्यांच्या उत्तराचा हवाला देऊन एचआरला मेल करा. लेटरमध्ये कामाचं ठिकाण 'कोल्हापूर, रिमोट' असं यायला हवं. बेस पुणे राहिलं तर पुण्याची प्रत्येक फेरी तुमच्या खिशातून. बेस कोल्हापूर असेल तर बोलावल्यावरचा खर्च कंपनीकडे मागता येतो. 'कुठेही बदली करू' हे कलम बहुतेक लेटरमध्ये असतं, ते काढत नाहीत. किती दिवस आधी कळवणार, तेवढं लिहून मागा.

बाबांचं कारण पुढे करू नका. मग ती तात्पुरती सवलत धरली जाते.

मंगळवार_पेठ: हे पटलं नाही. मी आईच्या आजारपणाचं स्पष्ट सांगितलं होतं, म्हणूनच मॅनेजर माझ्यासाठी वरपर्यंत भांडले.

भरतीवाली: ती सवलत लेटरमध्ये आहे का?

मंगळवार_पेठ: नाही. दर सहा महिन्यांनी वाढवून घ्यावी लागते.

साकोलीकर: आज मॅनेजरशी बोलले. त्यांची हरकत नाही, पण ही जागा पुण्याच्या नावावर मंजूर आहे, बदलायला वरून परवानगी लागेल म्हणाले. दर तीन महिन्यांनी एक आठवडा बंगळुरूला याल का, असंही विचारलं. बाबांजवळ भाऊ थांबेल, तेवढं जमेल. पण हा आठवडाही लेटरमध्ये लिहून घ्यावा, की मेलवर पुरे?