घाबरल्यावर 'छाती भरून श्वास घे' हा सल्ला नको

रातकिडा: दम लागल्यासारखं झालं, धडधड वाढली की छाती भरून पाच-सहा दीर्घ श्वास घ्या. दोन मिनिटांत शांत वाटतं. उगाच बाऊ करू नका.

आभाळवेडी: याच सल्ल्याने माझे हाल झाले. परीक्षेआधी छाती फुगवून श्वास घेत गेले. थोड्याच वेळात ओठांभोवती मुंग्या, बोटं आखडलेली, डोकं गरगरतंय. हवा अपुरी वाटली म्हणून आणखी ओढली. ऑक्सिजन मोजला तर 99! याला बाऊ म्हणू नका.

फिजिओताई: हवा कमी नव्हती, जास्त होत होती. मोठमोठे श्वास घेतले की कार्बन डायऑक्साइड भराभर निघून जातो, मेंदूच्या रक्तवाहिन्या आकसतात, म्हणून गरगरतं. मी नवख्यांना आधी श्वास सोडायला लावते.

पाठीवर झोपा, गुडघे दुमडा. एक हात छातीवर, दुसरा बेंबीच्या जरा वर. सावकाश सोडा. मग नाकाने तीन मोजेपर्यंत थोडीशीच हवा घ्या. खालचा हात उचलला जावा, वरचा जवळजवळ स्थिर राहावा. चार मोजत सोडा. हे अंगवळणी पडलं की चारला घ्या, सहाला सोडा, म्हणजे मिनिटाला सहा श्वास. पोट जोर लावून फुगवू नका. करताना गरगरलं तर श्वास संथ असूनही मोठा होतोय, हवा कमी घ्या. सराव रोज दोनदा, पाच-पाच मिनिटं, मन शांत असताना. ऐन घाबरलेपणात पहिल्यांदा करायला गेलं की जमत नाही.

जुनाजाणता: एवढं कशाला? कागदी पिशवीत श्वास घ्या, तोच वायू परत आत जातो. आम्ही वर्षानुवर्षं हेच केलं.

धाकटी पाती: माझ्या भावाला 'घाबरलाय' म्हणून पिशवी दिली होती. तो दम्याचा अटॅक होता. पिशवीतला ऑक्सिजन कमी होत जातो, हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही.

जुनाजाणता: दमेकऱ्याला पिशवी द्या असं मी म्हटलंच नाही. शब्द माझ्या तोंडी घालू नका.

धाकटी पाती: मग बाहेरून ओळखणार कसं? त्या खोलीत आम्ही पाचजण होतो, एकालाही कळलं नाही!

फिजिओताई: तत्त्व खरं असलं तरी पिशवी नकोच. पहिल्यांदाच असा दम लागला, छातीत दुखतंय, घरघर आहे, ओठ निळसर दिसतायत, तर व्यायामही नको. थेट डॉक्टर.

जुनाजाणता: पहिल्यांदा होत असेल तर पिशवी नको, मानलं. पण हा घाबरण्याचाच त्रास आहे असं डॉक्टरांनी निदान केलेल्यांबद्दल माझं मत तेच.

रातकिडा: 'छाती भरून' मागे घेतो. पण मला त्याने बरं वाटतं, ते खोटं कसं म्हणू?

आभाळवेडी: ताई, पोटावर हात ठेवून श्वासाकडे बघत बसले की मला आणखीच धास्ती वाटते.

फिजिओताई: काहींना होतं तसं. हात काढा, डोळे उघडे ठेवा, श्वास सोडताना हळू गुणगुणा. सोडणं आपोआप लांबतं, लक्ष आवाजाकडे जातं. आठवडाभर करून बघा, नाही जमलं तर दुसरं काही शोधू.