अमेरिकेतला एकतर्फी घटस्फोट इथे चालतो का?

«बहिणीचं लग्न नाशिकला हिंदू पद्धतीने झालं. नवऱ्याने अमेरिकेत घटस्फोट घेतला, ती तिकडे कधी गेलीच नाही. हुकूमनामा पोस्टाने आला. आता काय?»

ताई, घाबरू नका. तुम्ही सांगता तसं असेल, तर तो हुकूमनामा इथे टिकणं अवघड आहे. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 13 मध्ये परदेशी निकाल कधी बंधनकारक नसतो ते दिलंय. 1991 च्या नरसिंह राव खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ते लग्नांना लावून दाखवलं. लग्न तिरुपतीला झालेलं, घटस्फोट मिसुरीतला, नवरा तिथे नव्वद दिवस राहिल्याच्या आधारावर. न्यायालय म्हणालं, अधिकारक्षेत्र आणि कारण दोन्ही ज्या कायद्याने लग्न झालं त्यात बसायला हवं. तिकडचं नेहमीचं कारण असतं 'संसार मोडलाय, जुळणार नाही'. हिंदू विवाह कायद्यात ते कारणच नाही.

अडचण होते ती सहीने. बहिणीने संमती दिली किंवा स्वखुशीने तिकडे हजर राहून इथल्या कायद्यातल्या कारणावर खटला लढवला, तर निकाल तिला बांधतो. त्या खटल्यात पत्नीने तुमचा अधिकार मान्य नाही असं नमूद करूनच उत्तर पाठवलं होतं, म्हणून ती वाचली. बहिणीने आधी काही सही केली का, ते आजच विचारा. पाकीट आणि त्यावरचा पोस्टाचा शिक्काही जपून ठेवा, नोटीस कधी पोचली ते त्यावरून कळतं.

मग नाशिकच्या कौटुंबिक न्यायालयात 'विवाह कायम आहे' असं जाहीर करून मागता येतं.