मदत हवी आहे : दोह्याच्या मात्रा आणि भजनी ठेक्यातील सम

नमस्कार. सोलापुरातील आमच्या भजनी मंडळात कबिरांच्या नावाने गायला जाणारा पुढील दोहा बसवत असताना एक शंका निर्माण झाली आहे.

दुख में सुमिरन सब करे, सुख में करे न कोय ।
जो सुख में सुमिरन करे, दुख काहे को होय ॥

लघूची एक आणि गुरूची दोन मात्रा धरल्यास चरण १३ आणि ११ मात्रांचे भरतात. मात्र आपल्या सवयीने ‘दुःख’ म्हटले की विसर्गामुळे ‘दु’ गुरू होतो आणि पहिला चरण १४ मात्रांचा होतो. आठ मात्रांच्या भजनी ठेक्यात प्रत्येक चरणाला दोन आवर्तने, म्हणजे १६ मात्रा, दिल्यास विषम चरणानंतर तीन आणि सम चरणानंतर पाच मात्रांचा विराम उरतो.

पहिल्या ओळीत सम ‘दुख’, ‘सब’, ‘सुख’ आणि ‘कोय’ यांवर येते, त्यामुळे दुःखात सगळे, सुखात कोणी नाही, हा विरोध ठेकाच सांगतो. तिसऱ्या चरणात मात्र ‘जो सुख में सुमि’ येथेच आठ मात्रा संपतात आणि सम ‘रन’वर पडून ‘सुमिरन’ दुभंगते, जे कानाला खटकते.

‘जो’ आधीच्या विरामातील शेवटच्या दोन मात्रांत उचलला, तर सम ‘सुख’ आणि ‘करे’ यांवर येते आणि सुखातल्या स्मरणावर योग्य तो भर पडतो. परंतु ‘करे’नंतरचा विराम तीनऐवजी पाच मात्रांचा होतो. आमच्या पखवाजवादकांना हा उठाव मान्य नाही. जाणकारांनी कृपया सांगावे, की परंपरेने गाताना ‘जो’ समेआधी घेतात, की समेवरच ठेवून ‘सुमिरन’ लांबवतात?